दीड पानाचा बायोडाटा आणि तीन मिनिटं

प्रश्न: "लायन्स क्लबचा अध्यक्ष म्हणून पुढच्या आठवड्यात माझी दुसरी मासिक सभा आहे. एका नव्या सदस्याची ओळख करून द्यायची आहे. त्याला क्लबात आणणाऱ्या स्पॉन्सरने दीड पानाचा बायोडाटा पाठवलाय. तोच वाचून दाखवू का? किती वेळ बोलावं आणि काय बोलावं?"

बायोडाटा वाचू नका. तो वाचून झाला की सभागृहातल्या कुणालाच त्या माणसाकडे जाऊन पहिलं वाक्य काय बोलावं हे सुचत नाही, आणि ओळख करून द्यायची असते ती त्यासाठीच. 'बी.कॉम., अमुक पतसंस्थेचे माजी संचालक, तमुक मंडळाचे खजिनदार' हे ऐकून लोक टाळ्या वाजवतात आणि जेवताना आपापल्या नेहमीच्या टेबलावर जाऊन बसतात. नवा माणूस स्पॉन्सरशेजारी बसतो. पुढच्या महिन्यात स्पॉन्सर आला नाही तर तोही येत नाही. आमच्या तालुक्याच्या गावातल्या क्लबात मी दोन वेळा अध्यक्ष होतो आणि मधली काही वर्षं सदस्यवाढ समितीत काढली. गळती लागते ती बहुतेक पहिल्या तीन-चार सभांतच, असा माझा अनुभव.

बोलायचं काय याच्या आधी एक तपासा. तुम्ही ओळख करून देणार आहात की शपथविधी आहे? संचालक मंडळाने त्या अर्जाला मंजुरी दिली आहे का, प्रवेश फी आणि वर्गणी जमा झाली आहे का, हे सेक्रेटरीला फोन करून विचारा. व्हॉट्सअॅपवर 'हो सर, झालंय' असं आलं तर समाधान मानू नका. मंजुरी कुठल्या बैठकीत झाली ते विचारा. माझ्या पहिल्या वर्षी मी एका गृहस्थांना 'आपले नवे सदस्य' म्हणून उभं केलं, टाळ्या झाल्या, हार झाला. संचालक मंडळासमोर त्यांचा अर्ज गेलाच नव्हता, स्पॉन्सरने तो सेक्रेटरीकडे नुसता देऊन ठेवला होता. पुढच्या बैठकीत एका संचालकाने हरकत घेतली आणि तिचा निकाल लागायला दोन महिने गेले. ते दोन महिने त्या गृहस्थांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते मला अजून आठवतं. हरकत शेवटी दूर झाली, ते सदस्यही झाले, पण आमच्यात मोकळेपणा कधी आला नाही. मंजुरी बाकी असेल तर 'आजचे आपले पाहुणे' एवढंच म्हणा आणि बसवा.

दुसरं, स्पॉन्सर काय बोलणार आणि तुम्ही काय बोलणार याची वाटणी आधी करून घ्या. आमच्याकडे स्पॉन्सर एक मिनिट बोलतो आणि फक्त एवढंच सांगतो की मी यांना कसा ओळखतो. त्यापुढचं अध्यक्षाचं. हा माणूस रोज करतो काय, आणि क्लबच्या कुठल्या कामाशी त्याचा सांधा जुळतो. ही वाटणी केली नाही तर दोघंही तोच बायोडाटा वाचतात, फक्त स्पॉन्सर विशेषणं जास्त लावतो.

वेळ तीन मिनिटं. माईकवर, थांबत थांबत बोललो तर माझे मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द होतात, म्हणजे हाताने लिहिलेलं साधारण दीड पान. तुम्ही भरभर बोलणारे असाल तरी शब्द वाढवू नका, वेळ कमी लागू द्या. एकाच सभेत चार-पाच जण येत असतील तर प्रत्येकी पाऊण मिनिट आणि शपथ सगळ्यांना एकत्र. आणि दुसऱ्या क्लबातून बदली होऊन आलेले जुने लायन असतील तर आम्ही शपथ पुन्हा देत नाही, नुसतं स्वागत करतो. तुमच्याकडची पद्धत वेगळी असली तर माजी अध्यक्षांना विचारून घ्या, उगाच त्यांना दुखवू नका.

आता मुख्य काम. सभेच्या तीन-चार दिवस आधी त्या माणसाला स्वतः फोन करा. दहा मिनिटं पुरतात. हे काम स्पॉन्सरवर सोपवू नका, तो म्हणतो, 'मला सगळं माहीत आहे, लिहून देतो.' आणि मग दीड पान येतं.

फोनवर मी पहिल्यांदा नाव विचारतो. तुमचं नाव तुम्ही कसं म्हणता, आणि लोक तुम्हाला काय हाक मारतात? मराठी आडनाव असलं म्हणून आपण बरोबर उच्चारतो असं नाही. च आणि ज तर दोन-दोन प्रकारे उच्चारले जातात, कागदावर फरक दिसत नाही. आमच्याकडे एका माजी अध्यक्षांनी जज्जातल्या 'ज'चं आडनाव जावयातल्या 'ज'ने घेतलं. मागून कोणीतरी खुसखुसलं आणि पुढची तीन मिनिटं त्या माणसाच्या कानावर गेली नसणार. दुसरा प्रश्न असा: काल सकाळी उठल्यापासून तुम्ही काय काय केलंत? 'तुमचा व्यवसाय काय' असं विचारलं तर पाटीवर असतं ते उत्तर मिळतं. 'काल काय केलंत' विचारलं की माणूस खरं बोलायला लागतो. तिसरा: क्लबचं कुठलं काम ऐकून यावंसं वाटलं? आणि शेवटचा, जो बहुतेक जण विसरतात: सभेत कशाचा उल्लेख नको आहे? आजारपण, घरातला वियोग, बंद पडलेला धंदा, चालू असलेला कोर्टाचा खटला. स्पॉन्सरला हे सगळं माहीत असतं आणि तो प्रेमापोटी माईकवर बोलून जातो. म्हणून हे उत्तर स्पॉन्सरलाही कळवायचं.

एक प्रसंग नीट सांगतो, म्हणजे बायोडाट्याची ओळख कशी होते ते दिसेल. त्या नव्या सदस्यांना आपण आप्पा म्हणू.

आप्पांच्या बायोडाट्यात होतं: आयटीआय वायरमन, बाजारपेठेत इलेक्ट्रिकचं दुकान, व्यापारी संघटनेचे माजी खजिनदार, गणेश मंडळाचे सल्लागार, देवस्थान ट्रस्टचे सदस्य, तीन सत्कार, दोन मुलगे, एक परदेशात. फोनवर मी कालच्या दिवसाबद्दल विचारलं. म्हणाले, 'काल कुठलं, परवाच्या रात्रीपासूनच सांगतो.' शेतीची थ्री फेज लाईट त्यांच्या भागाला त्या आठवड्यात रात्रीची होती. अकरा वाजता एका वस्तीवरून फोन आला, विहिरीवरची मोटर जळली. एक फेज गेला होता, मोटर दोन फेजवर गुरगुरत राहिली, कुणाच्या लक्षात आलं नाही आणि वायंडिंग बसलं. भिजवणं अर्ध्यावर होतं. आप्पा मोटरसायकलवर गेले, मुलाच्या मदतीने मोटर काढून दुकानात आणली, जळकं वायंडिंग उपसून रात्रीत निम्मं भरलं. मी विचारलं, त्या वस्तीचा रस्ता अंधारात कसा सापडला? ते हसले. 'अहो, या तालुक्यात विहीर आहे तिथला रस्ता मला ठाऊक आहे.'

हे वाक्य ऐकलं आणि ओळख तयार झाली. कारण त्याच वर्षी आमच्या मोतीबिंदू शिबिराच्या समितीपुढे एक अडचण होती. शिबिरात तपासणी होते, निवडलेले रुग्ण जीपने रुग्णालयात जातात, शस्त्रक्रिया होते, दुसऱ्या दिवशी पट्टी काढून घरी येतात. इथपर्यंत सगळं सुरळीत. पण पुढच्या तपासण्यांना, म्हणजे आठवड्याने आणि मग महिन्याभराने, लांबच्या वस्तीवरची म्हातारी माणसं येतच नाहीत. डोळ्यात घालायचे थेंब मध्येच बंद करतात. लाली, दुखणं, धूसर दिसणं अंगावर काढतात. यादीत पत्ता असतो 'मळ्यातली वस्ती', फोन असतो नातवाचा, आणि नातू गेलेला पुण्याला. समितीप्रमुख दर सभेत हेच रडगाणं गायचे.

मी सभेत बोललो ते साधारण असं होतं:

"लायन मित्रहो, आप्पांना मी चार दिवसांपूर्वी फोन केला, त्याच्या दोन दिवस आधी ते रात्रभर जागे होते. एका वस्तीवरची मोटर जळली होती आणि भिजवणं अर्ध्यावर राहिलं होतं. रात्री अकराला निघून त्यांनी ती मोटर आणली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बसवून दिली. त्यांचं दुकान बाजारपेठेत आहे, पण त्यांचा निम्मा दिवस वाड्यावस्त्यांवर जातो. मी विचारलं, अंधारात रस्ता कसा सापडतो? ते म्हणाले, या तालुक्यात विहीर आहे तिथला रस्ता मला ठाऊक आहे. आपल्या शिबिरात शस्त्रक्रिया झालेले काही आजी-आजोबा पुढच्या तपासणीला येत नाहीत, ते आपण दर सभेत ऐकतो. आप्पा क्लबकडे आले ते याच शिबिरामुळे, असं त्यांनी मला सांगितलं. शिबिराच्या समितीला मी सुचवतो, जेवताना यादी घेऊन त्यांच्या शेजारी बसा. त्यांच्यासोबत त्यांच्या पत्नी आल्या आहेत, त्यांचंही स्वागत. आप्पा, या."

बस्स. खजिनदारपद नाही, सत्कार नाहीत, परदेशातला मुलगा नाही. हे सगळं खोटं होतं म्हणून गाळलं नाही. त्यातल्या कशावरही कोणी उठून प्रश्न विचारला नसता म्हणून गाळलं. आणि एक गोष्ट फोनवर त्यांनी सांगितली होती जी मी मुद्दाम बोललो नाही. शिबिराबद्दल त्यांना आपुलकी का, याचं कारण घरातलं होतं आणि त्यांना ते माईकवर नको होतं. 'शिबिरामुळे आले' एवढ्यावर थांबलो. शिबिराचा उल्लेखही करू का हे विचारून घेतलं होतं. तुम्हीही फोन ठेवण्यापूर्वी, मी हे आणि हे सांगणार आहे, चालेल ना, असं एकदा विचारा. आप्पांच्या बाबतीत मी आणखी एक खबरदारी घेतली होती. समितीप्रमुखांना आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं की यादीची प्रत घेऊन या. तुम्ही हे आधी केलं नाही तर 'शेजारी बसा' हे वाक्य हवेत जातं.

मात्र एक सावधगिरी. नव्या माणसावर माईकवरून काम टाकू नका. 'आता वीजजोडणीचं सगळं आप्पा बघतील' असं मी म्हटलं असतं तर ते पुढच्या सभेला आलेच नसते. मी काम सांगितलं ते समितीला, आप्पांना नव्हे. व्यावसायिक सदस्यांच्या बाबतीत तर हे फार होतं. डॉक्टर आला की मोफत तपासणी, छापखानावाला आला की फुकट पत्रिका. तसंच 'यांनी प्रकल्पाला पंचवीस हजार जाहीर केले आहेत' हेही ओळखीत नको. देणगी नंतर, वेगळी, ट्रेझररच्या तोंडून. नाहीतर त्याच्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला आपणही आकडा सांगायचा असतो की काय असं वाटतं.

राजकारण. नवा सदस्य नगरसेवक असेल तर 'नगरसेवक आहेत, अमुक वॉर्डातलं पाण्याचं काम बघतात' इथपर्यंत ठीक. पक्षाचं नाव आणि नेत्याचं कौतुक नको. लायन्सच्या उद्दिष्टांतच आहे की सार्वजनिक हिताच्या विषयांवर मोकळी चर्चा व्हावी, पण पक्षीय राजकारण आणि पंथीय धर्म यांवर सदस्यांनी वाद घालू नये. तालुक्याच्या गावात समोर दुसऱ्या पक्षाचे चार जण बसलेले असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

महिला सदस्य असेल तर आणखी एक जुनी खोड सांभाळा. 'आपले लायन अमुक यांच्या सौभाग्यवती' अशी सुरुवात करू नका. 1987 पासून लायन्समध्ये स्त्रिया स्वतःच्या नावावर सदस्य आहेत. लायनची बायको म्हणून येणं आणि स्वतः लायन होणं यातला फरक आपल्याकडे अजून अनेक अध्यक्षांच्या जिभेला जमलेला नाही. तिची ओळख तिच्या कामातून करून द्या, नवरा त्याच क्लबात असेल तर ते शेवटी, एका वाक्यात.

आणि कृपा करून 1917 साली शिकागोत मेल्विन जोन्स यांनी काय केलं तिथून सुरुवात करू नका. हेलन केलर यांनी 1925 मध्ये लायन्सना अंधांसाठी काम करायचं आवाहन केलं, ही गोष्ट मला स्वतःला फार आवडते, पण ती नव्या सदस्याला वेगळ्या बैठकीत, चहा पिता पिता सांगावी. सभेतले बाकीचे तीस जण ती दर वर्षी पदग्रहणात ऐकतात.

क्रम कुठे ठेवायचा? घंटा, ध्वजवंदना, विश्वशांतीसाठी मौन, मागच्या सभेचं इतिवृत्त हे झालं की लगेच ओळख घ्या, प्रकल्पांच्या अहवालांच्या आधी. बरेच क्लब ती शेवटी ठेवतात, 'गोड शेवट' म्हणून. तोवर साडेनऊ वाजतात, स्वयंपाकघरातून फोडणीचा वास यायला लागतो आणि मागच्या रांगेतले हळूच ताटांकडे सरकतात. शिवाय ओळख आधी झाली तर पुढचे अहवाल तो माणूस सदस्य म्हणून ऐकतो.

शपथ लगेच त्यानंतर. आमच्याकडे ती माजी अध्यक्ष किंवा लायन्स डिस्ट्रिक्टचे कोणी पदाधिकारी हजर असतील तर ते देतात, नाहीतर अध्यक्षच. मराठीत द्या आणि तुकडे लहान करा, एका वेळी पाच-सहा शब्द. लांब वाक्य दिलं की मागून म्हणणारा शेवटचे तीन शब्दच पकडतो आणि लोक गालात हसतात. पिन स्पॉन्सरने लावावी, डाव्या बाजूला, अध्यक्षाने प्रमाणपत्र द्यावं. पिनेच्या मागची टोपी इतकी लहान असते की ती हमखास खाली पडते आणि मग दोन माजी अध्यक्ष ओणवे होऊन खुर्च्यांखाली शोधत बसतात. एक जादा टोपी खिशात ठेवा. साडी रेशमी असेल तर आधी विचारा, भोक पाडलेलं चालत नाही. चुंबकाची पिन मिळते, ती आणून ठेवा.

साधलं की नाही हे मी जेवणाच्या वेळी बघतो. स्पॉन्सर सोडून किमान तीन जण नव्या माणसाशी बोलले का, आणि तुम्ही सांगितलेल्या गोष्टीवरूनच बोलले का? त्या रात्री आप्पांभोवती पहिल्यांदा समितीप्रमुख आले, मागोमाग दोन शेतकरी सदस्य. 'सिंगल फेजिंगला काही उपाय आहे का हो?' आप्पा वरणभात कालवताना प्रिव्हेंटर कसा बसवायचा ते सांगत होते, एक फेज गेला की स्टार्टर आपोआप पाडणारं ते यंत्र. मग यादी निघाली. सतरा नावांपैकी अकरा वस्त्या त्यांनी तिथल्या तिथे ओळखल्या. तीन जणांसाठी म्हणाले, 'हे माझं नेहमीचं गिऱ्हाईक, मी बोलावतो.' तिघंही आले.

नेहमी असं जुळत नाही. बँकेत बदलून आलेले एक अधिकारी होते, फोनवर अगदी मोजकं बोलले, कालचा दिवस विचारला तर 'ऑफिस' म्हणाले. क्लबच्या कामाशी सांधा काही दिसेना. तेव्हा मी ओढूनताणून जुळवलं नाही. ते गावात नवे आहेत, भाड्याचं घर कुठे आहे, सकाळी सहाला कुठल्या रस्त्याने फिरायला जातात, एवढं त्यांना विचारून सांगितलं. मिनिटभरात संपलं. त्या रस्त्याने फिरणारे दोन सदस्य निघाले. तुमच्याकडे असा माणूस असेल तर तीन मिनिटं भरायचा हट्ट धरू नका.

स्लाइडवर फोटो वगैरे लावायचं मनात असेल तर माझं उत्तर, नको. माणूस समोर उभा असताना लोक भिंतीकडे बघतात. स्पॉन्सरच्या दीड पानाचं काय करायचं? ते सेक्रेटरीकडे द्या, फोन नंबर, जन्मतारीख, लग्नाचा वाढदिवस सदस्यनोंदीत लागतातच. आणि तुमचं स्वतःचं लिहिलेलं मोठ्या अक्षरात लिहा, नाव सगळ्यात वर, उच्चाराप्रमाणे फोडून. व्यासपीठावरचा दिवा बहुतेक हॉलमध्ये डोक्यामागे असतो आणि कागदावर आपलीच सावली पडते.